गुंतवणूकदाराचा पुढचा प्रश्न

२००८ च्या जून महिन्यात ब्रायन चेस्की या तरुणाची सिलिकॉन व्हॅलीतल्या सात नामांकित गुंतवणूकदारांशी त्याच्या एका मित्राने ओळख करून दिली. चेस्की आणि त्याचे दोन भागीदार दीड लाख डॉलर मागत होते आणि बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा देत होते. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. कंपनीचं तेव्हाचं नाव होतं एअरबेड अँड ब्रेकफास्ट. आज आपण तिला एअरबीएनबी म्हणतो.

सात वर्षांनी, २०१५ मध्ये, चेस्कीने ती नकाराची पत्रं जाहीर केली. कंपनी मोठी झाल्यावर अशी पत्रं वाचताना हसू येतं, पण ती लिहिणारे मूर्ख नव्हते. एकाने कळवलं की प्रवास हा आमचा विषयच नाही. या नकारावर जगातल्या कुठल्याही स्लाइडचा इलाज नाही. तो माणूस चुकीचा निवडला गेला एवढंच. दुसऱ्याचं म्हणणं होतं की आमच्या पद्धतीच्या गुंतवणुकीला लागतो तेवढा हा बाजार मोठा दिसत नाही. हा नकार वेगळ्या जातीचा आहे. ‘बाजार किती मोठा?’ हा प्रश्न त्याला पडला आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही. पिच डेक म्हणजे गुंतवणूकदारापुढे ठेवायची दहा-पंधरा स्लाइडांची मांडणी. असा प्रश्न पडेल त्याच क्षणी त्याचं उत्तर समोर यावं, यासाठी ती असते.

याच कंपनीची त्या सुमाराची स्लाइडमाला आज सर्वत्र उपलब्ध आहे आणि नवउद्योजकांना नमुना म्हणून दाखवली जाते. तिची नक्कल करणारे तिचा साधेपणा उचलतात: मोठी अक्षरं, थोडे शब्द. मला तिच्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती चौथी स्लाइड.

पहिल्या स्लाइडवर एका ओळीत काम सांगितलं आहे: हॉटेलऐवजी स्थानिक माणसाच्या घरी खोली बुक करा. दुसऱ्या स्लाइडवर अडचण. हॉटेलं महाग असतात, हॉटेलात राहिलं की शहराशी संबंध येत नाही, आणि स्थानिकाकडे खोली बुक करायची सोपी सोय नाही. तिसऱ्यावर उपाय: एक संकेतस्थळ, जिथे प्रवाशाचे पैसे वाचतात आणि यजमानाला पैसे मिळतात. आता वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. २००८ साल आहे आणि कोणीतरी सांगतंय की लोक अनोळखी माणसाला आपल्या घरात झोपायला जागा देतील. तुमच्या डोक्यात पहिला प्रश्न कुठला येईल? बाजार किती अब्जांचा आहे, हा खचितच नाही. ‘असं कोणी करेल तरी का?’ हाच येईल.

चौथी स्लाइड त्याचंच उत्तर देते. काउचसर्फिंग या संकेतस्थळाचे तेव्हाच सहा लाखांहून अधिक सदस्य होते. ते एकमेकांना आपल्या घरी फुकट मुक्काम देत होते. क्रेग्जलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळावर मोठ्या शहरांतल्या तात्पुरत्या राहण्याच्या हजारो जाहिराती एका आठवड्यात लागत होत्या. म्हणजे अनोळखी लोक आधीपासूनच अनोळखी लोकांकडे राहत होते. फक्त पैशाचा व्यवहार आणि बुकिंग एका जागी होत नव्हतं. हे पटल्यावर पाचवी स्लाइड बाजाराचं आकारमान सांगते आणि तेव्हाच त्या आकड्याला अर्थ येतो. चौथी आणि पाचवी यांची अदलाबदल केली तर मजकूर एका अक्षरानेही बदलत नाही, पण वाचणारा अब्जांचा आकडा पाहतो आणि मनात म्हणतो, ‘हे सगळं ठीक आहे, पण माझ्या घरात तर मी कोणाला झोपू देणार नाही.’ त्यानंतरच्या स्लाइडा तो त्या अविश्वासातूनच पाहतो.

स्लाइडांचा क्रम ठरवण्याची माझ्या मते हीच एक कसोटी आहे. प्रत्येक स्लाइड एका प्रश्नाचं उत्तर देते आणि ते देताना दुसरा प्रश्न जन्माला घालते. तो दुसरा प्रश्न पुढच्या स्लाइडचा विषय. सिकोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेचा स्लाइडक्रम प्रसिद्ध आहे: उद्देश, अडचण, उपाय, आत्ताच का, बाजार, स्पर्धा आणि पुढे. गाय कावासाकी यांचा नियमही प्रसिद्ध आहे: दहा स्लाइडा, वीस मिनिटं आणि अक्षरांचा आकार तीस पॉइंटपेक्षा लहान नाही. दोन्ही उपयोगी आहेत, पण तो सरासरी प्रश्नांचा क्रम आहे. तुमच्या धंद्याबद्दल माणसाला पहिली शंका कुठली येते, हे त्या क्रमाला ठाऊक नसतं.

एअरबेड अँड ब्रेकफास्टच्या त्या स्लाइडमालेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कमी जण पाहतात. बाजार मोजला आहे तो वर्षभरात बुक होणाऱ्या सहलींच्या संख्येत. कंपनीचा त्यातला वाटाही सहलींमध्येच. मिळकतीच्या स्लाइडवर प्रत्येक व्यवहारामागे दहा टक्के दलाली आणि मग ‘इतक्या सहली गुणिले सरासरी इतकी दलाली’ असा गुणाकार. शेवटच्या स्लाइडवर पाच लाख डॉलरची मागणी आहे, ती बारा महिन्यांत ऐंशी हजार व्यवहार गाठण्यासाठी. सहल हे एकच माप पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतं. पिच डेकमध्ये ‘गोष्ट’ असावी असं सगळे सांगतात आणि त्याचा अर्थ बरेच जण भावुक प्रसंग असा घेतात. गुंतवणूकदारापुढची गोष्ट म्हणजे हेच माप. एक पात्र, एक व्यवहार, एक एकक धरायचं आणि त्याला शेवटपर्यंत सोडायचं नाही. अडचणीच्या स्लाइडवर शेतकरी, बाजाराच्या स्लाइडवर मेट्रिक टन आणि मिळकतीच्या स्लाइडवर ‘प्रति ग्राहक वार्षिक महसूल’ असं झालं की वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने हिशोब जुळवावा लागतो. तो जुळवत नाही, पुढे जातो.

ती माला निर्दोष होती असंही नाही. अनोळखी माणूस घरात आल्यावर सुरक्षिततेचं काय, याचं थेट उत्तर कुठेच नाही. वापरणाऱ्यांचे अभिप्राय, जे या शंकेवर थोडा उतारा ठरले असते, ते शेवटून दुसऱ्या ठिकाणी आहेत. मी ते पाचव्या जागी आणले असते.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे उदाहरणापुरतेच आहेत, पण मांडणीतल्या चुका नेहमी दिसणाऱ्या आहेत.

समजा नाशिक जिल्ह्यातले दोन तरुण कांदाचाळीत बसवायचं एक यंत्र बनवतात. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव पाहून चार-पाच महिन्यांत निघतो. आतला कांदा सडायला लागला तर बाहेर वास येईपर्यंत आजूबाजूचा कांदाही गेलेला असतो. यांचं यंत्र चाळीतली आर्द्रता, तापमान आणि सडताना निघणारे वायू मोजतं आणि कुठल्या कप्प्यात सड सुरू झाली आहे हे काही दिवस आधी मोबाइलवर कळवतं. शेतकरी तेवढा कप्पा उपसतो, निवडतो, विकतो.

त्यांची पहिली स्लाइडमाला अशी होती. मुखपृष्ठ. मग ‘आमच्याविषयी’ आणि कंपनीचं ध्येय. मग दोघांचे फोटो आणि शिक्षण. मग तंत्रज्ञान, त्यात सेन्सरची आकृती. मग यंत्राची वैशिष्ट्यं, मग मिळालेली पारितोषिकं. मग बाजार: भारतातलं कांद्याचं एकूण उत्पादन गुणिले भाव. मग ‘स्पर्धा: नाही’. मग पाच वर्षांचा ताळेबंद आणि शेवटी दोन कोटींची मागणी.

हा क्रम कोणाचा आहे? हा बनवणाऱ्याचा क्रम आहे. त्यांनी आधी कंपनी काढली, मग सेन्सर बनवला, मग पारितोषिक मिळवलं. ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगितलं. ऐकणाऱ्याला मात्र सहाव्या स्लाइडपर्यंत कळलेलं नाही की कोणाचे किती पैसे बुडतात. ते कळल्याशिवाय सेन्सर चांगला की वाईट हे तो ठरवणार कशावर?

नवा क्रम लावताना आपण गुंतवणूकदाराच्या खुर्चीत बसू. मुखपृष्ठावर कंपनीच्या नावाखाली एकच ओळ हवी: चाळीतला कांदा सडण्याआधी शेतकऱ्याला कळवणारं यंत्र. ध्येयवाक्य नको. ही ओळ वाचून पहिला प्रश्न येतो, ‘यात कोणाचं किती नुकसान होतं?’ म्हणून दुसरी स्लाइड एका चाळीची. पंचवीस टनांची चाळ, त्यातला समजा चार टन कांदा हंगामात सडतो, वीस रुपये किलोने ऐंशी हजार रुपये मातीत. एवढंच. महाराष्ट्रात किती चाळी आहेत हे इथे सांगायचा मोह आवरायचा, कारण ते अजून कोणी विचारलेलं नाही.

ऐंशी हजारांचा आकडा पाहिला की प्रश्न येतो, ‘मग शेतकरी आज काय करतो?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आणि तो हमखास वगळला जातो. शेतकरी हात घालून पाहतो, वासावरून अंदाज घेतो, मजूर लावून सगळी चाळ उपसतो किंवा घाबरून पडत्या भावात विकून टाकतो. हीच या कंपनीची खरी स्पर्धा. ‘स्पर्धा: नाही’ असं लिहिणाऱ्यांना वाटतं की आपल्यासारखं यंत्र कोणाकडे नाही म्हणजे आपण एकटे आहोत. गुंतवणूकदार त्याचा अर्थ वेगळा लावतो: एकतर यांनी शोधलं नाही, किंवा या अडचणीसाठी कोणी पैसे मोजायला तयार नाही. म्हणून आजची पद्धत आणि तिचा खर्च तिसऱ्या स्लाइडवर सांगून टाकायचा.

चौथी स्लाइड यंत्राची. इथे सेन्सरचं नाव नको, चाळीत बसवलेल्या यंत्राचा फोटो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणारा मराठी संदेश हवा. आता दोन शंका एकदमच उभ्या राहतात: ‘हे चालतं का?’ आणि ‘शेतकरी याचे पैसे देईल का?’ कुठली आधी घ्यायची?

इथे मला लिंक्डइनचे सहसंस्थापक रीड हॉफमन यांचं उदाहरण आठवतं. लिंक्डइनने २००४ मध्ये ग्रेलॉक या संस्थेकडून एक कोटी डॉलर उभे केले. त्या वेळची स्लाइडमाला हॉफमन यांनी २०१३ मध्ये आपल्या टिपांसह प्रसिद्ध केली. तेव्हा लिंक्डइनची मिळकत शून्य होती आणि डॉट-कॉमचा फुगा फुटून फार वर्षं झाली नव्हती. मिळकत नसलेली कंपनी म्हटलं की लोक अंग चोरत. हॉफमन यांनी तो विषय शेवटी ढकलला नाही. मिळकत कुठून येणार याचे तीन मार्ग, म्हणजे जाहिराती, नोकरीच्या नोंदी आणि सभासद वर्गणी, त्यांनी सुरुवातीलाच मांडले. टिपांमध्ये त्यांचा सल्ला असा की आपल्यावर कुठले एक ते तीन आक्षेप नक्की येणार हे आधी ओळखा आणि त्यांच्यापासून पळण्याऐवजी गाडी त्यांच्याच दिशेने वळवा. कारण आक्षेप मनात धरून बसलेला माणूस बाकीचं ऐकत नाही, तो फक्त वाट पाहतो.

कांदाचाळीच्या कंपनीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप कुठला? यंत्र चालणार नाही, हा नाही; वायू मोजणारे सेन्सर जगात आहेत हे गुंतवणूकदाराला माहीत असतं. आक्षेप हा की शेतकरी स्वतःच्या खिशातून पैसे देत नाही, अनुदानाची वाट पाहतो. म्हणून पाचव्या स्लाइडचा मथळाच असा: ‘गेल्या हंगामातल्या ६० शेतकऱ्यांपैकी ४१ जणांनी यंदा पुन्हा पैसे भरले.’ पहिल्या मालेत ही माहिती होती, पण पारितोषिकांच्या खाली एका कोपऱ्यात! ज्या आकड्यावर सगळी कंपनी उभी आहे तो लहान अक्षरात आणि एका स्पर्धेचं सन्मानचिन्ह मोठ्या फोटोत.

पण ही स्लाइड लगेच नवा प्रश्न उभा करते: ‘उरलेल्या १९ जणांनी का सोडलं?’ त्याचं उत्तर त्याच स्लाइडवर खाली हवं. समजा नऊ जणांनी यंदा कांदाच साठवला नाही, सहा जणांच्या शेतात मोबाइलला रेंज नव्हती आणि चार जणांना उपयोग वाटला नाही. असं स्पष्ट लिहिलेलं असलं की समोरचा माणूस सैल होतो. लपवलेली गोष्ट त्यानेच खणून काढली की त्याआधीचे सगळे आकडेही संशयाखाली येतात.

सहावी स्लाइड मग ‘चालतं का?’ याची. यंत्र असलेल्या चाळींत सरासरी किती कांदा गेला आणि शेजारच्या यंत्र नसलेल्या चाळींत किती, याची तुलना. समजा चारऐवजी दोन टन. वाचलेले दोन टन म्हणजे चाळीस हजार रुपये. सेन्सरची आकृती इथेही नको. ती शेवटच्या पुरवणी स्लाइडांत ठेवायची, कोणी विचारलं तर काढायची.

चाळीस हजार वाचतात हे पटलं की गुंतवणूकदार आपोआप म्हणतो, ‘त्यातले तुम्हाला किती मिळतात?’ सातवी स्लाइड एका चाळीचा हिशोब दाखवते. भाडं हंगामाला तीन हजार रुपये. देखभाल आणि माणसाची फेरी मिळून नऊशे. उरले एकवीसशे. यंत्राची किंमत साडेचार हजार, म्हणजे ती तिसऱ्या हंगामात वसूल होते. यंत्र पाच हंगाम टिकलं तर एका चाळीमागे एकूण सहा हजार रुपये उरतात. हा हिशोब करताना बऱ्याच संस्थापकांच्या लक्षात येतं की गुंतवणूकदाराचा पुढचा प्रश्न ‘यंत्र खरंच पाच हंगाम टिकतं का?’ हा असणार आणि आपल्याकडे तर एकाच हंगामाचा अनुभव आहे. याचं उत्तर क्रम बदलून मिळत नाही. तिथे एवढंच सांगता येतं की आज माहिती किती आहे, तीन हंगाम टिकलं तर हिशोब काय होतो आणि ही माहिती केव्हापर्यंत हाती येईल. तीन हंगामांत जेमतेम अठराशे रुपये उरतात, हेही त्या स्लाइडवर असलं पाहिजे.

आणि आत्ता, इथे, बाजाराचा प्रश्न येतो. एका चाळीचं गणित मांडून झालं आहे, त्यामुळे ‘अशा चाळी किती?’ एवढंच उरतं. आपण पोहोचू शकू असे तालुके, त्यातल्या पंचवीस टनांच्या चाळी, गुणिले तीन हजार. भारतातल्या एकूण कांद्याची किंमत सांगून अब्जांचा आकडा काढता येतो, पण तो कांद्याचा बाजार झाला, कांदा राखण्याच्या यंत्राचा नव्हे. अनुभवी माणूस हा फरक क्षणात ओळखतो. खालून वर चढवलेला लहान आकडा वरून खाली आणलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त काम करतो, कारण त्यातली प्रत्येक पायरी तपासता येते. तो आकडा फार लहान निघाला, तर चेस्कीला मिळालेलं उत्तर तुम्हालाही मिळेल. पण निदान खऱ्या कारणाने मिळेल, आणि मग द्राक्ष-बटाट्याकडे जायचं की छोटा नफ्याचा धंदा करायचा हे ठरवता येईल.

पुढच्या स्लाइडा भरभर जातात. इतक्या चाळींपर्यंत कसे पोहोचणार? कृषी सेवा केंद्रं आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत, एका केंद्रामागे गेल्या वर्षी इतक्या चाळी. दुसरा कोणी हेच करू लागला तर? हातात साठ चाळींच्या एका हंगामाच्या नोंदी आहेत आणि दरवर्षी त्या वाढतात. मग दोघा संस्थापकांची स्लाइड: एकाच्या घरची चाळ आहे, दुसरा इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता आहे. ही स्लाइड इतक्या उशिरा का, असं कोणी विचारेल. कारण इथवर ‘हे काम कोण करू शकेल?’ हा प्रश्न तयार झालेला असतो आणि घरची चाळ असणं ही तेव्हा पात्रता ठरते. दुसऱ्या स्लाइडवर ती नुसती ओळख असते. अर्थात संस्थापकाने आधी एखादी कंपनी उभारून विकली असेल, किंवा हाती अजून काहीच पुरावा नसून फक्त माणसंच असतील, तर हीच स्लाइड दुसऱ्या जागी यावी. तेव्हा समोरच्याचा पहिला प्रश्न ‘तुम्ही कोण?’ हाच असतो.

शेवटी मागणी. दूरचित्रवाणीवर ‘शार्क टँक इंडिया’ पाहणाऱ्यांना ती सुरुवातीलाच ऐकायची सवय झाली आहे: इतके लाख, इतक्या टक्क्यांसाठी. तिथे ते ठीक आहे, कार्यक्रमाला लगेच रंगत लागते. खोलीत बसून बोलताना रक्कम आधी सांगितली की ती जास्त की कमी हे ठरवायला ऐकणाऱ्याकडे काहीच नसतं. दोन कोटींची मागणी शेवटी अशी येते: नव्वद लाखांत दोन हजार यंत्रं, ऐंशी लाख माणसांचे पगार, तीस लाख बाकीचा खर्च, अठरा महिन्यांत दोन उन्हाळी हंगाम पाहायला मिळतील आणि दोन हजार चाळींपैकी किती जण पुन्हा पैसे भरतात हे कळेल. मोजमाप इथेही चाळ हेच आहे, आणि पाचव्या स्लाइडवरचा प्रश्नच मोठ्या संख्येवर पुन्हा तपासला जाणार आहे. पाच वर्षांचा ताळेबंद पुरवणीत.

हा क्रम बरोबर लागला आहे की नाही, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे फक्त मथळे वाचणे. मथळ्यांच्या जागी ‘बाजार’, ‘संघ’, ‘स्पर्धा’ असे शब्द असतील तर वाचण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून मथळा पूर्ण वाक्य असावा. मग ती वाक्यं सलग वाचायची. एका चाळीत हंगामाला ऐंशी हजारांचा कांदा सडतो. शेतकऱ्याला ते वास आल्यावरच कळतं. आमचं यंत्र काही दिवस आधी कळवतं. साठातल्या एक्केचाळीस जणांनी पुन्हा पैसे भरले. सड निम्म्यावर आली. एक चाळ तिसऱ्या हंगामात खर्च वसूल करते. या तालुक्यांत अशा इतक्या चाळी आहेत. दोन कोटींत आम्ही दोन हजार चाळींपर्यंत जाऊ. हे कानाला सलग लागलं पाहिजे. जिथे दोन वाक्यांमध्ये ‘बरं, आणि दुसरं म्हणजे’ असं म्हणावं लागतं, तिथे एक तर स्लाइड चुकीच्या जागी आहे किंवा मधली एक राहिली आहे.

दुसरी चाचणी जरा त्रासाची आहे. स्लाइडा कागदावर छापायच्या आणि या धंद्यात नसलेल्या एखाद्या चौकस माणसाला एकेक दाखवायची. प्रत्येक कागदानंतर थांबायचं आणि विचारायचं, ‘आता तुम्ही काय विचाराल?’ तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपायचं. आपण उत्तर द्यायचं नाही. असे चार-पाच जण झाले की दिसतं, अमुक स्लाइडनंतर बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला आणि आपलं उत्तर मात्र पाच स्लाइडा पुढे आहे. ती स्लाइड तिथे आणायची. एखादा प्रश्न एखाद्यानेच विचारला असेल, जसं की ‘वर्षातले उरलेले महिने यंत्र काय करतं?’, तर त्याचं उत्तर पुरवणी स्लाइडमध्ये तयार ठेवायचं. सगळ्यांचे सगळे प्रश्न मुख्य मालेत घेतले तर ती चाळीस स्लाइडांची होते आणि धागा हरवतो.

प्रत्यक्ष बैठकीतही क्रम चुकल्याची खूण कळते. ‘ते पुढे येतंय’ असं तुम्हाला दोनदा म्हणावं लागलं, तर चूक समोरच्याच्या उतावीळपणाची नाही. प्रश्न विचारला गेला की सरळ त्या स्लाइडवर जावं, उत्तर द्यावं आणि घरी आल्यावर क्रम बदलावा. एकाच आकड्याबद्दल दोघातिघांनी दोन-तीनदा विचारलं, तर तो आकडा स्लाइडवर असूनही पोहोचलेला नाही: बहुधा तो चार इतर आकड्यांच्या गर्दीत बसला आहे.

एक अडचण मात्र राहते. बहुतेक गुंतवणूकदार तुम्हाला भेटण्याआधी ही माला एकट्याने, तुमच्या आवाजाशिवाय पाहतात. २०१५ मध्ये डॉकसेंड या कंपनीने हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक टॉम आयझेनमन यांच्यासोबत सुमारे दोनशे नवउद्योगांच्या स्लाइडमाला तपासल्या. गुंतवणूकदार एका मालेवर सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद घालवत होते. म्हणजे एका स्लाइडला जेमतेम दहा-पंधरा सेकंद, आणि तेही सगळ्यांना सारखे नाहीत. एवढ्या वेळात मथळाच वाचला जातो, तोही कधी कधी उड्या मारत. म्हणून ईमेलने पाठवायची प्रत आणि समोर बोलताना दाखवायची प्रत या दोन वेगळ्या ठेवाव्यात. क्रम दोन्हींचा तोच. पाठवायच्या प्रतीत मथळ्याखाली दोन ओळी जास्त, कारण ‘१९ जणांनी का सोडलं?’ हे सांगायला तुम्ही तिथे नसता. दाखवायच्या प्रतीत त्या ओळी काढायच्या, नाहीतर लोक वाचत बसतात आणि तुमचं ऐकत नाहीत.

चेस्की आणि भागीदारांना पुढे नवउद्योगांना घडवणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेच्या २००९ च्या हिवाळी तुकडीत प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी सिकोया कॅपिटल व इतरांकडून सहा लाख डॉलर मिळाले. ते स्लाइडांमुळे मिळाले असं म्हणणं खोटं ठरेल. तोवर त्यांच्या संकेतस्थळावर लोक खरोखरच खोल्या बुक करू लागले होते. तुमच्याकडे ४१ शेतकऱ्यांसारखा आकडा नसेल, तर स्लाइडा मागेपुढे करण्यात रात्री घालवू नका. आधी तो मिळवा. असेल, तर आज आपली माला उघडा आणि तो कितव्या स्लाइडवर आहे ते पाहा. पाचवीच्या पुढे असेल, तर अलीकडे आणा.